ठरल्या तारखेला पैसे का गेले नाहीत?

बँकेच्या खात्यातून पुढच्या एखाद्या तारखेला, किंवा दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, ठरावीक रक्कम ठरावीक खात्यात आपोआप जावी म्हणून ग्राहक बँकेला आधीच जी आज्ञा देऊन ठेवतो तिला स्थायी सूचना म्हणतात. बँकेतले कर्मचारी आणि ग्राहक बोलताना तिला ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा नुसते ‘एसआय’ म्हणतात. एकदाच करायचे, पण पुढच्या तारखेचे हस्तांतरण असेल तर मोबाइल ॲपमध्ये ते ‘शेड्यूल’ केलेले दिसते. घरभाडे, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, सोसायटीचा देखभाल खर्च, मुलाच्या वसतिगृहाची रक्कम अशा गोष्टींसाठी ही सोय पुष्कळ जण वापरतात. बहुतेक महिने ती बिनबोभाट चालते. मग एखाद्या महिन्यात पैसे जात नाहीत, आणि ते गेले नाहीत हे पाठवणाऱ्याला बहुधा समोरच्याकडून कळते.

कारण शोधण्याआधी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. स्थायी सूचनेत पैसे पाठवते ती ग्राहकाची स्वतःची बँक. गृहकर्जाचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी किंवा विम्याचा हप्ता यांत मात्र पैसे समोरची संस्था ओढून घेते. त्यासाठी ग्राहकाने तिला मँडेट म्हणजे वसुलीची परवानगी दिलेली असते, आणि ही वसुली ‘नाच’ नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेतून किंवा यूपीआय ऑटोपेमधून होते. दोन्ही ठिकाणी खात्यातून पैसे ‘आपोआप कटतात’, म्हणून लोक दोन्हींना एकच समजतात आणि तक्रार भलत्याच दारात नेतात. एसआयपी चुकली तर सुरुवात फंडाकडे किंवा मँडेटपासून करावी लागते. भाडे गेले नाही तर आपल्याच बँकेत विचारावे लागते. पुढचे विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

बँकेच्या संगणकात स्थायी सूचना म्हणजे एक नोंद असते. कोणत्या खात्यातून, कोणत्या खात्यात, किती रक्कम, कोणत्या तारखेपासून, किती अंतराने, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या मार्गाने, एवढे तिच्यात लिहिलेले असते. ही नोंद केली तेव्हा खात्यातून काहीच जात नाही आणि काहीच राखूनही ठेवले जात नाही. पुष्कळ बँकांत मुख्य संगणक प्रणाली दिवसअखेरचे काम संपवून नव्या दिवसाची तारीख उघडते तेव्हा, म्हणजे मध्यरात्रीनंतर ते पहाटेच्या दरम्यान, त्या तारखेच्या सगळ्या सूचना एका घाण्यात चालवल्या जातात. काही बँका त्या सकाळी किंवा दिवसभरात टप्प्याटप्प्याने चालवतात. प्रत्येक नोंदीपाशी प्रणाली तेच प्रश्न विचारते. खाते सुरू आहे का, त्यातून पैसे काढण्यावर बंदी आहे का, वापरता येईल अशी शिल्लक पुरेशी आहे का, दिवसाच्या मर्यादेत ही रक्कम बसते का, लाभार्थी नोंदलेला आहे का. एकाचेही उत्तर अडले की त्या दिवसापुरती ती सूचना बाद होते. हे सगळे झाल्यावरच पैसे खात्यातून वजा होतात आणि दुसऱ्या बँकेत जायचे असतील तर एनईएफटीच्या वाटेला लागतात.

एनईएफटी आता अडथळा राहिलेली नाही, हे जुन्या ग्राहकांनी लक्षात घेतले पाहिजे. 16 डिसेंबर 2019 पासून ती दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि दर अर्ध्या तासाला तिचा एक गठ्ठा निघतो. मोठ्या रकमांची आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून तशीच अखंड सुरू आहे. त्यामुळे ‘काल बँक हॉलिडे होता ना’ हे उत्तर पूर्वीइतके खरे नाही. पण पूर्णपणे खोटेही नाही, आणि त्याचे कारण पुढे तारखेच्या ओघात येईल.

सगळ्यांत जास्त सूचना अडतात त्या शिलकीपाशी. ग्राहक म्हणतो, पैसे होते. बँक म्हणते, पुरेसे नव्हते. पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. खात्यात दिसणारी एकूण शिल्लक आणि त्यातून खर्च करता येणारी शिल्लक या दोन वेगळ्या रकमा आहेत, आणि सूचना बघते ती दुसरी.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. ठाण्यात भाड्याने राहणाऱ्या एका नोकरदाराने दर महिन्याच्या 1 तारखेला घरमालकाच्या खात्यात 28,000 रुपये जावेत अशी सूचना दिलेली आहे. महिनाअखेरीस रात्री झोपण्यापूर्वी तो ॲपमध्ये बघतो तर खात्यात 41,200 रुपये आहेत. निर्धास्त होतो. पण दोन दिवसांपूर्वी त्याने एका कंपनीच्या प्राथमिक भागविक्रीत अर्ज केलेला आहे. त्या अर्जाचे 14,900 रुपये कंपनीकडे गेलेले नाहीत. ते त्याच्याच खात्यात आहेत, त्यांच्यावर व्याजही चालू आहे, पण शेअरवाटप होईपर्यंत बँकेने ते अडवून ठेवले आहेत. एकूण शिलकीच्या आकड्यात ते मिळवलेले दिसतात. वापरता येणारी शिल्लक मात्र 41,200 वजा 14,900, म्हणजे 26,300 रुपये उरते. भाडे 28,000 रुपयांचे आहे. पहाटे सूचना आली, 1,700 रुपये कमी पडले आणि ती बाद झाली. स्थायी सूचनेत अर्धवट रक्कम पाठवण्याची रीत नसते. पूर्ण रक्कम असेल तरच ती जाते.

सकाळी दहाच्या सुमारास त्याचा पगार जमा झाला. आता खात्यात भाड्याच्या दुपटीहून जास्त पैसे होते, पण सूचना पुन्हा चालली नाही. त्याच्या बँकेच्या नियमाप्रमाणे चुकलेली फेरी पुन्हा घेतली जात नाही, पुढची फेरी थेट पुढच्या महिन्याच्या 1 तारखेची. पहाटे चारला ‘व्यवहार अयशस्वी’ असा एसएमएस आला होता. कर्जाच्या आणि सवलतींच्या जाहिरातींच्या गर्दीत तो वाचायचा राहून गेला. 5 तारखेला घरमालकाचा फोन आला तेव्हा त्याने पुन्हा खाते उघडून पाहिले. तोवर शेअर न मिळाल्याने अडवलेली रक्कमही मोकळी झाली होती. त्यामुळे त्या क्षणी खात्यात काहीच वावगे दिसत नव्हते, आणि बँकेनेच गोंधळ घातला अशी त्याची खात्री झाली.

या प्रकारात दोष शोधायचा तर 5 तारखेची शिल्लक बघून उपयोग नसतो. 1 तारखेच्या पहाटे काय स्थिती होती ते बघावे लागते. ॲपमध्ये ‘अव्हेलेबल बॅलन्स’ असा वेगळा आकडा असतो, तो पाहायची सवय असली तर ही गफलत आदल्या रात्रीच कळते. अडवलेली रक्कम केवळ शेअरच्या अर्जाचीच असते असे नाही. जमा केलेला पण अजून वटलेला नसलेला चेक एकूण शिलकीत दिसू शकतो. न भरलेल्या कर्जहप्त्यापोटी किंवा पोलिसांच्या अथवा कर खात्याच्या पत्रावरून बँक काही रकमेवर लियन म्हणजे हक्क लावते. बचत खात्यातली जादा रक्कम आपोआप मुदत ठेवीत वळवणारी खाती असतात. एटीएममधून किंवा हाताने पैसे काढताना त्यांत ठेव आपोआप मोडली जाते, पण स्थायी सूचनेसाठीही ती मोडायची की नाही, हे बँकेच्या मांडणीवर असते. ठेवीचा आकडा बघून निश्चिंत राहणाऱ्याने हे बँकेत एकदा विचारून घ्यावे.

पगाराची तारीख आणि सूचनेची तारीख एकच ठेवणे ही या सगळ्यातली सर्वांत सार्वत्रिक चूक. पगार 1 तारखेला होतो म्हणून भाडेही 1 तारखेला, हा हिशेब माणसाच्या डोक्यात बरोबर असतो. संगणकाच्या क्रमात भाडे आधी येते आणि पगार नंतर. सूचना पगारानंतर दोनतीन दिवसांनी लावली तर हा पेच बहुतांशी सुटतो, आणि घरमालकाला तारीख बदलून मागणे हे दर महिन्याची धाकधूक वागवण्यापेक्षा सोपे आहे.

चुकलेली फेरी पुन्हा घ्यायची की नाही, याचे उत्तर बँकेगणिक वेगळे असते. त्याच बँकेतल्या त्याच ग्राहकाच्या आवर्ती ठेवीचा हप्ता किंवा कर्जाची वसुली असेल तर शिल्लक येईपर्यंत रोज प्रयत्न करण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, कारण त्यात बँकेचा स्वतःचा हिशेब असतो. दुसऱ्या बँकेत जाणाऱ्या रकमेसाठी तशी तत्परता क्वचित दिसते. कुठे एकच प्रयत्न असतो, कुठे पुढचे काही दिवस. आणि जिथे पुन्हा प्रयत्न होतो तिथे उलटा धोका असतो. पैसे गेले नाहीत म्हणून ग्राहक घाईने हाताने पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी सूचनाही चालते. भाडे दोनदा जाते. म्हणून हाताने पैसे पाठवण्याआधी त्या महिन्याची फेरी ‘फेल्ड’ म्हणजे कायमची बाद झाली आहे, की ‘पेंडिंग’ म्हणजे अजून रांगेत आहे, एवढे बघून घ्यावे. रांगेत असेल तर आधी ती रद्द करावी.

शिलकीनंतर येते तारीख. 31 तारखेची सूचना घेतली तर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरात काय करायचे, असा प्रश्न प्रणालीपुढे उभा राहतो, आणि 29 किंवा 30 तारखेची असेल तर फेब्रुवारीत. काही बँका महिन्याचा शेवटचा दिवस धरतात, काही पुढच्या महिन्याची 1 तारीख, काही ठिकाणी तो महिना सरळ गळतो. पुष्कळ ॲप्स म्हणूनच 28 च्या पुढची तारीख निवडूच देत नाहीत. ज्या देतात तिथे नियम विचारून घेणे बरे.

सुट्टीचा प्रश्न इथे पुन्हा डोके वर काढतो. एनईएफटीला सुट्टी नसली तरी बँकेच्या स्वतःच्या प्रणालीत सूचनांसाठी लावलेली सुट्टीची दिनदर्शिका जुनीच राहिलेली असू शकते. मग रविवारी, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी किंवा राजपत्रित सुट्टीला आलेली सूचना ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’ या नियमाने ढकलली जाते. काही बँकांत नियम उलटा, म्हणजे आदल्या कामकाजाच्या दिवशी. तो असेल तर पैसे एक दिवस आधीच कापले जातात आणि शिल्लक तितकी तयार नसते. 1 एप्रिल हा दिवस यात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वार्षिक हिशेबासाठी त्या दिवशी बँका ग्राहकांना बंद असतात, आणि 31 मार्चच्या रात्रीचे दिवसअखेरचे काम नेहमीपेक्षा लांबते. भाड्याची 1 तारीख एप्रिलमध्ये घसरली तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

तारखेशी जोडलेली आणखी एक साधी गोष्ट वारंवार निसटते. सूचनेला शेवटची तारीख किंवा फेऱ्यांची संख्या असते. अकरा महिन्यांच्या भाडेकराराप्रमाणे कुणी अकरा फेऱ्यांची सूचना दिली, पुढे करार वाढला, पण सूचना वाढवायची राहिली, तर बाराव्या महिन्यात काहीच होत नाही. यात ‘अयशस्वी’ असा एसएमएसही येत नाही, कारण अयशस्वी व्हायला चालण्याजोगी सूचनाच उरलेली नसते. ज्या महिन्यात ॲपमध्ये फसलेल्या व्यवहाराची नोंदसुद्धा सापडत नाही, त्या महिन्यात पहिला संशय मुदत संपल्याचा घ्यावा. दुसरा संशय, सूचना मुळात पूर्णच झाली नव्हती. रक्कम, तारीख सगळे भरले, पण शेवटचा ओटीपी टाकायच्या आत फोन वाजला आणि पान मागे गेले. तिथे ‘ड्राफ्ट’ उरतो, सूचना नाही. शाखेत कागदी अर्ज दिला असेल तर सही जुळली नाही म्हणून तो बाजूला पडलेला असू शकतो. अर्जाची पोच घेतलेली असेल तरच पुढे वाद घालता येतो.

गृहनिर्माण सोसायट्या, मंडळे आणि छोट्या संस्थांच्या खात्यांत या अपूर्णतेचे वेगळे रूप दिसते. तिथे नेटबँकिंगवर एक जण व्यवहार तयार करतो आणि दुसरा मंजूर करतो. चिटणीस सुरक्षारक्षक कंपनीच्या बिलाची पुढच्या तारखेची नोंद करतो, खजिनदाराने ती मंजूर करायची असते. खजिनदार गावी गेलेला असला आणि तारीख उलटून गेली, की बहुतेक प्रणालींत ती नोंद कालबाह्य ठरते. नंतर दिलेली मंजुरी तिला जिवंत करत नाही. वार्षिक सभेनंतर पदाधिकारी बदलले आणि बँकेत नव्या सह्या वेळेवर नोंदल्या गेल्या नाहीत, तर अशा साऱ्याच सूचना एकदम थंडावतात. घरगुती संयुक्त खात्यातही ‘दोघांच्या सहीने’ अशी पद्धत असेल तर एकट्याने ॲपवरून दिलेली सूचना बहुतेक बँका स्वीकारतच नाहीत.

मर्यादेचे गणित सोपे आहे, पण ते कोणत्या दिवशी तपासले जाते याकडे लक्ष जात नाही. एनईएफटीला यंत्रणेची कमाल मर्यादा नाही. मर्यादा बँक लावते आणि ग्राहकही स्वतः लावून घेतो. सूचना देताना ती लाखाची होती म्हणून सूचना स्वीकारली गेली, पुढे फसवणुकीच्या भीतीने ग्राहकाने ॲपमध्ये ती वीस हजारांवर आणली, आणि 28,000 चे भाडे त्या दिवसापासून अडायला लागले. काही बँकांत सूचनेची रक्कम त्या दिवसाच्या हाताने केलेल्या व्यवहारांबरोबर एकाच मर्यादेत मोजली जाते. तिथे आधी मोठी रक्कम दुसरीकडे पाठवली असेल, तर दुपारची सूचना मर्यादेबाहेर पडते. नवा लाभार्थी नोंदल्यावर पहिले काही तास थोडीच रक्कम पाठवू देण्याचा नियमही पुष्कळ बँकांत आहे. तो फसवणूक रोखण्यासाठी आहे आणि योग्यच आहे, पण आज लाभार्थी नोंदवून उद्या पहाटेची मोठी रक्कम लावणाऱ्याला तो आडवा येतो. आणि यादीत जुनी नावे साठली म्हणून साफसफाई करताना लाभार्थीच पुसला, तर काही बँकांत त्याच्यावर लावलेली सूचनाही त्याच्यासोबत जाते.

खात्यावरच बंधन असेल तर वरचे काहीच लागू होत नाही. नेहमीचे कारण केवायसी. बँकेने ग्राहकाची ओळखपत्रे ठरावीक काळाने ताजी करून घ्यायची असतात. जोखीम कमी मानलेल्या ग्राहकासाठी दहा वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीसाठी आठ आणि जास्त जोखमीसाठी दोन. मुदत उलटूनही कागद दिले नाहीत तर बँक सूचना देऊन खात्यातून पैसे काढणे रोखू शकते. अशा वेळी जमा होणारे पैसे बहुधा येत राहतात, त्यामुळे पगार आला, खाते चालू आहे, असाच समज होतो. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. ते पुन्हा सुरू करायला केवायसी लागते आणि त्यासाठी बँकेने शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा 1 एप्रिल 2024 पासूनचा नियम आहे. सायबर फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या खात्यात आलेला असला तर पोलिसांच्या सांगण्यावरून ती रक्कम, कधी पूर्ण खातेच, गोठवले जाते. खातेदाराला त्या पैशाचा पत्ताही नसतो आणि पहिली खूण दिसते ती म्हणजे चुकलेली स्थायी सूचना. परदेशी नोकरीला गेलेल्या मराठी माणसाने आपले निवासी खाते नियमाप्रमाणे एनआरओमध्ये बदलून घेतले, तर जुन्या खात्यावरच्या सूचना पुष्कळदा नव्याने द्याव्या लागतात.

कधीकधी अडचण एकट्या ग्राहकाची नसून अख्ख्या बँकेची असते. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने 13 फेब्रुवारी 2025 च्या कामकाजाअखेरीपासून निर्बंध लादले आणि खात्यांतून पैसे काढणे थांबवले, किंवा 23 सप्टेंबर 2019 ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर असेच निर्बंध आले, तेव्हा तिथल्या खातेदारांच्या पैसे पाठवण्याच्या सगळ्या सूचनांना अर्थ उरला नाही. त्यावर दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून ते देणे भागवणे एवढाच उपाय असतो.

काही वेळा पैसे खात्यातून निघतात, पण पोहोचत नाहीत. ही वेगळी जात आहे. इथे पाठवणाऱ्या बँकेने आपले काम केलेले असते आणि व्यवहार पलीकडून परत येतो. ज्या खात्यात पाठवायचे ते बंद झालेले असते, खाते क्रमांक बदललेला असतो किंवा आयएफएससी संकेतांक जुना झालेला असतो. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. बँका विलीन झाल्या की संकेतांक बदलतात. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, तिचे जुने संकेतांक आणखी वर्षभराहून जास्त काळ चालले आणि 1 जुलै 2021 पासून बंद झाले. त्या दिवसापर्यंत जुन्या संकेतांकावरच्या सूचना नीट चालत होत्या, नंतर परत यायला लागल्या. महाराष्ट्रात 1 मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. कोकणात किंवा विदर्भात गावी पैसे पाठवणाऱ्यांनी आपल्या सूचनेतला संकेतांक एकदा पडताळून पाहावा. छोट्या नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत आणखी एक दुवा असतो. त्यांतल्या बऱ्याच बँका एनईएफटीशी थेट जोडलेल्या नसून एखाद्या मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत येतात, म्हणून तिथे पैसे जमा व्हायला थोडा जास्त वेळ लागू शकतो.

खाते क्रमांक चुकला पण तो दुसऱ्या कुणाचा तरी खरा क्रमांक निघाला, तर पैसे परत येत नाहीत. ते त्या दुसऱ्याकडे जमा होतात, कारण एनईएफटीत रक्कम खाते क्रमांक पाहून जमा होते, नाव पाहून नाही. या जुन्या दोषावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत लाभार्थीचे नाव आधी दाखवण्याची सोय करायला सांगितले. नवी सूचना देताना ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता निदान. सगळ्या शक्यतांतून वाट काढण्यासाठी पहिला प्रश्न एवढाच की पैसे खात्यातून वजा झाले का. त्यासाठी शिल्लक नव्हे, त्या तारखेचे खातेउताऱ्यातले व्यवहार पाहायचे. वजा झालेच नसतील तर कारण पाठवणाऱ्या बाजूला आहे, आणि ॲपमधल्या सूचनांच्या यादीत त्या फेरीपुढे ते बहुधा एका शब्दात लिहिलेले असते. वजा होऊन पुन्हा जमा झाल्याची नोंद असेल तर व्यवहार पलीकडून परत आला आहे. वजा झाले आणि परतही आले नाहीत तर उताऱ्यातला यूटीआर क्रमांक घ्यायचा. प्रत्येक एनईएफटी व्यवहाराला तो मिळतो, आणि तो आहे याचा अर्थ पैसे बँकेबाहेर पडले. हा क्रमांक पैसे घेणाऱ्याला दिला तर त्याची बँक शोध घेऊ शकते. गठ्ठा निघाल्यापासून दोन तासांत लाभार्थीच्या खात्यात रक्कम जमा करणे किंवा जमा होत नसेल तर परत पाठवणे, हे पलीकडच्या बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास तिला रेपो दराहून दोन टक्के जास्त दराने त्या काळाचे व्याज द्यावे लागते. ही भरपाई ग्राहकाने मागायची वाट न बघता द्यायची असते.

सूचना बँकेच्या चुकीने चालली नाही असे वाटत असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तक्रारीत रक्कम, तारीख आणि त्या दिवसाच्या सुरुवातीची वापरता येणारी शिल्लक लिहावी. ‘पैसे गेले नाहीत’ एवढ्यावर साचेबंद उत्तर मिळते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि त्यासाठी शुल्क नाही.

मँडेटवरच्या वसुलीत शिलकीचा नियम तोच आहे, पण बाकीचे अडथळे वेगळे आहेत. यूपीआय ऑटोपेत पंधरा हजारांपर्यंतचे नेहमीचे हप्ते पिन न टाकता जातात. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ही मर्यादा एक लाख आहे. त्यावरच्या रकमेला दर वेळी संमती लागते, आणि ती दिली नाही की हप्ता चुकतो. हप्ता चुकल्यास दोन्हीकडचे शुल्क बसू शकते, एक बँकेचे आणि एक वसुली करणाऱ्या संस्थेचे. शिल्लक अपुरी म्हणून देण्यापोटीचे इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण फसणे हे न वटलेल्या चेकसारखेच गंभीर आहे, याची अनेकांना कल्पना नसते. 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र त्याआधी घेणेकऱ्याने तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर गुन्हा होत नाही.